तज्ज्ञ पाहुण्याला पाठवायचे पत्र

तज्ज्ञाला व्याख्यानासाठी बोलावणाऱ्या पत्रात चार गोष्टी नेमक्या असाव्या लागतात : विषय, श्रोते, बोलायला मिळणारा वेळ आणि व्याख्यान ऐकून श्रोत्यांना पुढे काय करता यावे याची अपेक्षा. मराठीत लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक निमंत्रणपत्रांत यांतल्या दोनच सापडतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या. पहिला परिच्छेद संस्थेच्या परंपरेला जातो, दुसरा पाहुण्यांच्या कीर्तीला. मग तारीख, वार, स्थळ ठळक अक्षरांत आणि विषय तीन-चार शब्दांत. ऐकायला कोण येणार आणि ते काय घेऊन घरी जाणार, हे पाहुण्याने सभागृहात पोहोचल्यावर स्वतःच ओळखायचे असते.

सार्वजनिक व्याख्यानमालेत हे खपून जाते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली आणि तेव्हापासून गावोगावी रुजलेल्या व्याख्यानमालांचा श्रोता हा येईल तो, ऐकेल तो असाच राहिला. तिथे वक्त्याचे नाव हेच निम्मे आकर्षण असते, विषय मोकळा ठेवलेला चालतो आणि श्रोत्याने दुसऱ्या दिवशी काही करून दाखवावे अशी कोणाची अपेक्षा नसते. पण कारखान्यातील सुरक्षा अधिकारी, रक्तपेढीचा डॉक्टर, बँकेचा कर्ज अधिकारी किंवा कीटकशास्त्रज्ञ यांना बोलावले जाते ते श्रोत्यांचे एखादे काम अडलेले असते म्हणून. अशा वेळी व्याख्यानमालेच्या साच्यातले पत्र कमी पडते. पत्रात काय लिहायचे आणि ते कोणत्या क्रमाने ठरवायचे, हे एका उदाहरणावरून पाहणे सोपे जाईल.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या शेतकरी गटाला कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसंबंधी कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना बोलवायचे आहे. विषय या भागाच्या जिव्हाळ्याचा आहे. बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले आणि त्यानंतर काही वर्षे बोंडअळ्यांची चिंता मिटल्यासारखी झाली. पुढे गुलाबी बोंडअळी या वाणांनाही सरावली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामुळे इथे नुसते ‘अळी कशी मारावी’ असे विचारून भागत नाही. फवारणी नेमकी कधी लागते आणि कधी लागत नाही, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

पत्र वाचताना पाहुण्याला आधी विषय दिसतो, मग श्रोते, मग वेळ आणि शेवटी अपेक्षा. पत्र तयार करताना मात्र उलट्या बाजूने सुरुवात करावी. अपेक्षा आधी ठरली की श्रोते कोण हवेत ते कळते, श्रोते ठरले की वेळ सुचते आणि विषयाचे शीर्षक सर्वांत शेवटी, जवळजवळ आपोआप, हाती येते. शीर्षकापासून सुरुवात केली तर ‘कपाशीवरील कीड व रोग व्यवस्थापन’ असे काहीतरी लिहिले जाते आणि बाकीचे पत्र त्या शीर्षकामागे फरफटत जाते.

अपेक्षा लिहिताना सर्वांत जास्त घोटाळा क्रियापदांत होतो. ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती व्हावी’, ‘शास्त्रशुद्ध माहिती मिळावी’, ‘मोलाचे मार्गदर्शन लाभावे’ ही वाक्ये कोणत्याही पत्रात बसतात आणि ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये पाठाची उद्दिष्टे कशी लिहावीत यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातली कसोटी आजही उपयोगी पडते. शिकणारा काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती चांगले केले म्हणजे पुरेसे मानायचे, या तीन गोष्टी उद्दिष्टात दिसल्या पाहिजेत. ‘समजेल’ हे डोळ्यांना दिसत नाही. ‘ओळखेल’, ‘मोजेल’, ‘लिहून ठेवील’, ‘ठरवील’ हे दिसते.

शेतकरी गटाने ही कसोटी लावली तर काय निघते ते पाहू. गुलाबी बोंडअळीची अडचण अशी की अळी अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात कळीत, फुलात किंवा बोंडात शिरते. बोंडाला पडलेले बारीक छिद्र पुढे बुजून जाते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते आणि आत सरकी खाल्ली जात असते. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून तिची चाहूल आधीच लागली पाहिजे, आणि चाहुलीच्या खुणा दोन. एक म्हणजे डोमकळी. अळी फुलाच्या पाकळ्या आतून जाळीने बांधून टाकते, फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. दुसरी खूण कामगंध सापळ्यात अडकणारे नर पतंग. पाळत ठेवण्यासाठी एकरी दोन सापळे लावतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. तीच मर्यादा डोमकळ्यांवरून किंवा हिरव्या बोंडांवरूनही ठरवता येते. पाहिलेल्यांपैकी दहा टक्के किडलेली निघाली तर ती ओलांडली गेली. बोंडांसाठी साधी रीत अशी की एकरातल्या वेगवेगळ्या वीस झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडायचे, फोडून पाहायचे आणि वीसपैकी दोन किडकी निघाली तर फवारणीचा निर्णय घ्यायचा.

हे सगळे तज्ज्ञांना पाठ असते, मग पत्रात कशाला, असे गटातल्या कोणालाही वाटेल. पत्रात हे शास्त्र लिहायचे नाही. त्यातून निघणाऱ्या कृती लिहायच्या. व्याख्यानानंतर प्रत्येक शेतकऱ्याला शेतात डोमकळी ओळखता यावी, सापळा लावून रोजचे पतंग मोजून वहीत लिहिता यावेत, आणि वीस बोंडे फोडून फवारणी लागते की नाही हे स्वतः ठरवता यावे. एवढ्या तीनच. चौथी, पाचवी जोडण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. तुडतुडे आहेत, फुलकिडे आहेत, पानांचा लाल्या आहे, फरदड न घेण्याचा मुद्दा आहे. पण तासाभरात तीन कृतींपेक्षा जास्त हाताने करून दाखवता येत नाहीत. पत्रात सात अपेक्षा लिहिल्या की वक्ता प्रत्येकीला पाच-सात मिनिटे देतो आणि हाताने करायची एकही होत नाही. उरलेले विषय पत्रातून गाळण्याची हिंमत दाखवणे हे निमंत्रकाचे काम आहे. पाहुणा ते करू शकत नाही, कारण गावाची निकड त्याला माहीत नसते.

कृती ठरल्या की श्रोते नव्याने डोळ्यांसमोर येतात. डोमकळी आधी कोणाला दिसणार? बहुतेक वेळा निंदणाला आणि पुढे वेचणीला येणाऱ्या बायांना. पिकात सर्वांत जास्त तास त्याच असतात. पण गावात ‘शेतकरी मेळावा’ म्हटले की समोर सातबारावर नाव असलेले पुरुष बसतात. गटाने मजूर बायांनाही बोलवायचे ठरवले तर पत्रात ते लिहावे लागते, कारण त्याने तज्ज्ञांची भाषा बदलते, उदाहरणे बदलतात आणि वेळही बदलते.

श्रोत्यांविषयी ‘सुमारे साठ शेतकरी बंधू-भगिनी’ एवढे लिहून भागत नाही. तज्ज्ञांना उपयोगी पडते ती माहिती वेगळी असते. पेरणी कधी झाली? जमीन कोरडवाहू की विहिरीखालची? मागच्या वर्षी नुकसान कोणत्या महिन्यात दिसले? सापळे पूर्वी कोणी लावले होते का, आणि लावून सोडून का दिले? घरी बोलण्याची भाषा कोणती? या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर बंजारा, कोलामी, गोंडी बोलणारी माणसेही आहेत. पुस्तकी मराठीतले ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाहीत, ‘फवारणीची हद्द’ पोहोचेल. ही सूचना पत्रातून गेली तर तज्ज्ञ घरूनच शब्द बदलून येतात.

आणखी एक माहिती निमंत्रक सहसा लपवतात : सभामंडपात कृषी केंद्राचे दुकानदार आणि कीटकनाशक कंपनीचे प्रतिनिधी बसणार आहेत का, आणि चहा-नाश्त्याचा खर्च कोणी उचलला आहे. कृषी विद्यापीठाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ औषधाच्या मूळ घटकाचे नाव सांगतात, दुकानातल्या छापाचे नाही. शेतकरी मात्र उठून ‘साहेब, नेमकं कोणतं औषध आणू?’ असेच विचारतो. समोर त्याच छापाचा फलक टांगलेला असेल तर तज्ज्ञांची पंचाईत होते आणि उत्तर गुळमुळीत येते. कार्यक्रमाला कोणाचे प्रायोजकत्व असेल तर ते पत्रात उघड लिहावे. नसेल तर तेही एका ओळीत लिहिण्यासारखे आहे.

वेळेच्या बाबतीत मराठी कार्यक्रमांची सवय सर्वश्रुत आहे. ‘सकाळी ८ ते ९.३०’ असे पत्रात असते. त्यात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, सरपंचांचे मनोगत आणि शेवटी आभार येतात. पाहुण्याच्या हाती ध्वनिक्षेपक येतो तेव्हा पाऊण तास उलटलेला असतो. म्हणून पत्रात दोन वेळा वेगळ्या लिहाव्यात : कार्यक्रम किती ते किती, आणि त्यात पाहुण्याचा बोलण्याचा वेळ किती मिनिटांचा. तिसरा आकडा प्रश्नोत्तरांचा. तोही स्वतंत्र सांगितला नाही तर वक्ता आपल्या वेळेत तो धरतो किंवा अजिबात धरत नाही.

कोणता दिवस आणि कोणता प्रहर, हे ठरवताना पीक आणि माणसे दोन्ही पाहावी लागतात. आठवडी बाजाराच्या दिवशी गाव रिकामे असते. पोळ्याच्या आसपास कोणी येत नाही. मजूर बाया साडेनऊ-दहाच्या सुमारास शेतावर निघतात, म्हणून सकाळचा कार्यक्रम त्याआधी संपायला हवा. संध्याकाळी ठेवला तर शेतात नेऊन झाड दाखवता येत नाही, आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो. सकाळी लवकर ठेवावा तर चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्या तज्ज्ञांना पहाटे उठून निघावे लागते, हे पत्रात मान्य करून वाहनाची सोय लिहावी. पिकाचे वय तर याहून महत्त्वाचे. जून अखेरपर्यंत पेरलेल्या कपाशीवर सापळे साधारण पंचेचाळीस दिवसांनी लावायचे असतात. व्याख्यान ऑक्टोबरमध्ये ठेवले तर ऐकणाऱ्यांच्या बोंडांत अळ्या आधीच शिरलेल्या असतील आणि सगळे प्रश्न ‘आता काय करू?’ याच एका दिशेने येतील.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर शीर्षक लिहायला बसावे. ‘कपाशीवरील कीड व रोग व्यवस्थापन’ याच्या जागी ‘गुलाबी बोंडअळी : फुलोऱ्यात कशी ओळखावी, फवारणी कधी करावी’ असे काहीतरी येते. दुसऱ्या शीर्षकात कीड एक आहे, पिकाची अवस्था एक आहे आणि श्रोत्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत आहे. तज्ज्ञांनी नेहमीचे ऐंशी चित्रांचे सादरीकरण घरी ठेवून यावे, हे या शीर्षकावरून त्यांना न सांगता कळते.

पत्र कोणाच्या नावे जाते, यालाही महत्त्व आहे. कृषी विज्ञान केंद्रातील पीक संरक्षणाचे विषयतज्ज्ञ परस्पर येऊ शकत नाहीत. त्यांचा दौरा केंद्राच्या प्रमुखांच्या संमतीने ठरतो. म्हणून आधी तज्ज्ञांशी फोनवर बोलून तारीख जुळवायची, मग पत्र प्रमुखांच्या नावे लिहायचे आणि प्रत तज्ज्ञांना द्यायची. फोनवर होकार मिळाला म्हणून पत्र न धाडणाऱ्या गटांची ऐन वेळी फजिती होते, कारण दौऱ्याच्या नोंदीत त्यांचे गावच नसते. खरिपात या तज्ज्ञांना रोज कुठून ना कुठून बोलावणे असते. तीन आठवड्यांची मुदत हाती असावी.

गटाने लिहिलेले पत्र साधारण असे होईल :

प्रति,
मा. वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख,
कृषी विज्ञान केंद्र.

विषय : गुलाबी बोंडअळीसंबंधी मार्गदर्शनासाठी आपल्या केंद्राच्या पीक संरक्षण विषयतज्ज्ञांना पाठविण्याबाबत.

महोदय,

आमच्या शेतकरी गटातर्फे सोमवार, १० ऑगस्ट रोजी सकाळी ७.३० ते ९.१५ या वेळेत गावातील हनुमान मंदिराच्या सभामंडपात ‘गुलाबी बोंडअळी : फुलोऱ्यात कशी ओळखावी, फवारणी कधी करावी’ या विषयावर मार्गदर्शन ठेवले आहे. आपल्या विषयतज्ज्ञांशी फोनवर बोलणे झाले असून ही तारीख त्यांना सोयीची आहे.

सुमारे ६० जण येतील. त्यात गटाचे ३५ शेतकरी व निंदण-वेचणीला जाणाऱ्या २५ महिला आहेत. जमीन बहुतेकांची कोरडवाहू, दोन ते पाच एकर. पेरणी १८ ते २५ जूनदरम्यान झाली. मागील वर्षी दिवाळीनंतर फोडलेल्या बोंडांत अळ्या निघाल्या. काहींनी सापळे लावले होते, पण मोजणी कशी करायची हे माहीत नसल्याने आठवड्याभरात सोडून दिले. महिलांपैकी काही घरी कोलामी बोलतात. त्यांना साधी मराठी समजते.

मार्गदर्शनानंतर उपस्थितांना पुढील गोष्टी करता याव्यात अशी अपेक्षा आहे : शेतातील डोमकळी ओळखणे; सापळा लावून रोजचे पतंग मोजून वहीत लिहिणे; वीस हिरवी बोंडे फोडून फवारणीची गरज ठरविणे. आपल्या तज्ज्ञांना यात बदल योग्य वाटल्यास तो कळवावा, त्याप्रमाणे तयारी करू.

वेळेची विभागणी : स्वागत ५ मिनिटे, सभामंडपातील मार्गदर्शन ३५ मिनिटे, लगतच्या शेतात प्रात्यक्षिक ३५ मिनिटे, प्रश्न २५ मिनिटे. सत्कार व भाषणे ठेवलेली नाहीत. कार्यक्रमाला कोणत्याही कंपनीचे वा दुकानाचे साहाय्य घेतलेले नाही. ध्वनिक्षेपक आहे, पडदा व प्रोजेक्टर नाही. सकाळी ६.१५ वाजता केंद्रावर वाहन येईल. मानधन देणे गटाला शक्य नाही. नाश्त्याची सोय केली आहे.

कृपया २५ जुलैपर्यंत संमती कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
अध्यक्ष, शेतकरी गट
प्रत : मा. विषयतज्ज्ञ (पीक संरक्षण)

वेळांची बेरीज करून पाहावी : पाच, पस्तीस, पस्तीस आणि पंचवीस म्हणजे शंभर मिनिटे, आणि साडेसात ते सव्वानऊ म्हणजे एकशेपाच. उरलेली पाच मिनिटे सभामंडपातून शेतात चालत जाण्यासाठी आहेत. कित्येक पत्रांत ही बेरीजच जुळत नाही आणि तुटीचा भार शेवटी बसणाऱ्या प्रश्नांवर पडतो. ‘मानधन देणे शक्य नाही’ हे वाक्य लिहायला जड जाते, म्हणून निमंत्रक ‘यथोचित सन्मान करण्यात येईल’ असे काहीतरी मोघम लिहितात. पाहुण्याला स्पष्ट नकार चालतो. मोघम वाक्याचा अर्थ मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो.

पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ बहुधा ‘बदल योग्य वाटल्यास तो कळवावा’ ही आहे. अपेक्षा लिहिणारा जाणकार असेलच असे नाही, आणि लिहिलेली अपेक्षा चुकीचीही असू शकते. वरच्या पत्रात तशी एक चूक आहे आणि पेरणीच्या तारखा वाचताच तज्ज्ञांच्या ती लक्षात येईल. १८ ते २५ जूनच्या पेरणीचे पीक १० ऑगस्टला शेहेचाळीस ते त्रेपन्न दिवसांचे होते. त्या वयात पाती दिसतात, कुठेकुठे पहिले फूल. हिरवी बोंडे अजून बरेच दिवस लांब. वीस बोंडे फोडण्याचे प्रात्यक्षिक त्या दिवशी गावात होऊच शकत नाही, कारण बोंडेच नाहीत. डोमकळीसुद्धा त्या शेतात सापडेल याची खात्री नाही.

तारखा पत्रात नसत्या तर हे सोमवारी सकाळी शेताच्या बांधावर कळले असते. आता उत्तरात दुरुस्ती येते. प्रात्यक्षिकासाठी विहिरीच्या पाण्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेले एखादे शेत पाहावे. तिथे पीक सत्तर दिवसांच्या आसपास असेल, फुले असतील आणि असतील तर डोमकळ्याही दिसतील. बोंडे फोडण्याचा भाग सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तासाभराच्या वेगळ्या बैठकीत घ्यावा. त्याऐवजी ऑगस्टमध्ये फुलांची मोजणी शिकवावी : वीस झाडांवरील फुले पाहायची आणि दहातले एक मिटलेले, जाळीने बांधलेले निघाले तर हद्द ओलांडली असे धरायचे. सापळे त्या दिवशी हाताशी असावेत आणि ल्युर गुलाबी बोंडअळीचेच आहेत हे पाकिटावर पाहून घ्यावे. दुकानात हिरव्या अमेरिकन बोंडअळीचे ल्युरही त्याच फळीवर असतात. चुकीचे ल्युर लावलेल्या सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग येत नाहीत, आणि शेतकरी मात्र कीड नाही म्हणून निर्धास्त राहतो.

हे उत्तर आल्यावर गटाने दुसरे, चार ओळींचे पत्र पाठवायचे असते. बदललेल्या अपेक्षा, बदललेले शेत आणि सप्टेंबरची संभाव्य तारीख एवढेच त्यात. बहुतेक गट ही पायरी वगळतात, बोलणे झाले आहे म्हणून. पण पहिले पत्र केंद्राच्या फाइलीत असते आणि ऐन वेळी दुसरे कोणी आले तर त्याच्या हाती तेच पडते. सरकारी बैठक, अचानक आलेला पाहणी दौरा किंवा तज्ज्ञांची तब्येत, कारण कोणतेही असो, बदली वक्ता येणे ही खरिपातली नेहमीची गोष्ट आहे. ‘कीड व रोग व्यवस्थापन’ एवढेच लिहिलेले असेल तर बदली आलेले मृदाशास्त्रज्ञ जमीन, खत आणि पाणी यावर तासभर चांगले बोलतात आणि सापळे पोत्यातच राहतात. पत्रात कृती लिहिलेल्या असतील तर तेच मृदाशास्त्रज्ञ निघण्याआधी सहकाऱ्याकडून दोन गोष्टी विचारून घेतात : सापळा पिकाच्या किती वर बांधायचा आणि वहीत कोणते रकाने आखायचे. डोमकळी मागच्या वर्षी पाहिलेला एखादा शेतकरी गटात असतोच. ती ओळखण्याचा भाग त्याच्याकडे सोपवता येतो. फवारणी कोणत्या घटकाची करायची हा प्रश्न मात्र त्या दिवशी राखून ठेवावा आणि पीक संरक्षणाच्या तज्ज्ञांना सप्टेंबरच्या बैठकीत विचारावा.